लेबलवरचे साडेचारशे वॅट

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांकडे लग्नसराईत हमखास येणारी एक तक्रार आहे. गावातल्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर दिवसभर बिनतक्रार चालतो. फोटो निवडा, अल्बमची पाने लावा, ईमेल पाठवा, काही होत नाही. पण लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दोन-चार मिनिटांत स्क्रीन काळी पडते आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होते. मग विंडोज नव्याने टाकले जाते, रॅम काढून पुसून बसवली जाते, व्हायरसवर खापर फुटते. एसएमपीएसची तपासणी होते तीही मिनिटभराची. मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची, पंखा फिरला की "सप्लाय ओके आहे" म्हणायचे आणि पुढे जायचे.

त्या चाचणीतून सप्लाय सुरू होतो एवढेच कळते. तो भार घेतो का, हे कळत नाही, कारण पंखा फिरवायला दोन-तीन वॅट पुरतात. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना त्याच डब्याकडे तीनशे वॅट मागितले जातात. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकटात आलेल्या एसएमपीएसच्या लेबलवर '४५० वॅट' असे ठळक छापलेले असते, त्यामुळे संशय तिकडे जात नाही. साडेचारशेचा सप्लाय तीनशेला कसा कमी पडेल?

याचे उत्तर त्याच लेबलवर, खालच्या बारीक अक्षरांत असते. कॉम्प्युटरला एकच व्होल्टेज लागत नाही. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टपासून मुख्यतः तीन व्होल्टेज तयार करतो : ३.३, ५ आणि १२. लेबलवरच्या तक्त्यात या प्रत्येकापुढे किती अँपिअर मिळतील ते लिहिलेले असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढे शाळेतले गणित इथे पुरते. समजा, त्या स्वस्त डब्यावर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिले आहेत. म्हणजे १२ व्होल्टच्या वाटेने मिळणार १९२ वॅट. ५ व्होल्टपुढे १६ अँपिअर, म्हणजे ८० वॅट. ३.३ व्होल्टपुढे १४ अँपिअर, म्हणजे सुमारे ४६ वॅट. तिन्हींची बेरीज ३१८. वरचा ४५० चा आकडा या तक्त्यातून कुठल्याच हिशेबाने निघत नाही. कधी तो क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, कधी निव्वळ छापखान्यातला.

खरी गोम त्या १२ व्होल्टमध्ये आहे. पेंटियम ३ च्या काळात प्रोसेसरला ५ व्होल्टच्या वाटेने वीज मिळे. पेंटियम ४ आला तेव्हापासून हा भार १२ व्होल्टवर गेला आणि ग्राफिक्स कार्डेही तिथेच जेवू लागली. आजच्या मशीनमध्ये ५ आणि ३.३ व्होल्टवर फारसे काही उरलेले नाही. स्वस्त डब्यांची आतली रचना मात्र अनेकदा त्या जुन्या काळाची असते. ५ व्होल्टला भरपूर आणि १२ व्होल्टला जेमतेम.

आता स्टुडिओतल्या मशीनची मागणी मोजू. समजा, त्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण जोरात चालताना त्याची ठरवून दिलेली मर्यादा ७६ वॅट असते. कार्डाची मर्यादा १७० वॅट. दोघांचे मिळून २४६ वॅट आणि हे जवळजवळ सगळे १२ व्होल्टवर. भागाकार केला की साडेवीस अँपिअर येतात. पंखे आणि मदरबोर्डवरची घट धरली की आकडा २२ च्या आसपास जातो. डब्याच्या लेबलवर १६ आहेत, तेही लेबल खरे मानले तर. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या सप्लायवर याच जागी साधारण ३५ अँपिअर लिहिलेले दिसतील. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळू शकते.

मग एक्स्पोर्टच्या वेळी नेमके काय घडते? अनेक स्वस्त सप्लायमध्ये १२ आणि ५ व्होल्ट यांचे नियंत्रण एकत्रच बांधलेले असते. १२ वर ओढ वाढली आणि ५ वर काहीच मागणी नसली, तर १२ खाली जाते आणि ५ वर चढते. एटीएक्स या मानकानुसार १२ व्होल्टमध्ये पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे ११.४ ते १२.६ एवढी मुभा आहे. ११.४ च्या खाली घसरण झाली की मदरबोर्ड आणि कार्ड यांना आपले काम नीट करता येत नाही आणि मशीन रीसेट होते. टायपिंग करताना मागणी जेमतेम साठ-सत्तर वॅटची असते, त्यामुळे तेव्हा काहीच कळत नाही. शिवाय ग्राफिक्स कार्डाची ओढ एकसारखी नसते. एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती ती सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेते. हे इतके नेहमीचे झाले की २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात नव्या जातीच्या मोठ्या सप्लायने अगदी क्षणभर आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलला पाहिजे, अशी अट घालावी लागली.

विंडोजच्या 'Event Viewer' मध्ये अशा वेळी 'Kernel-Power 41' ही नोंद सापडते. ती वाचून लोक लगेच सप्लाय बदलायला निघतात. पण त्या नोंदीचा अर्थ 'मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले' एवढाच आहे. कारण सप्लाय असेल, प्रोसेसर तापणे असेल किंवा कोणी प्लग ओढलेला असेल. खात्री करायची तर मशीन सुरू ठेवून, खरोखर भार देऊन, जुन्या चारपिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटर लावावा. भाराशिवाय १२.१ दिसणारा आकडा एक्स्पोर्ट सुरू होताच ११.३ वर आला, तर गुन्हेगार सापडला. आकडा जागचा हलला नाही म्हणून सप्लाय निर्दोष ठरत नाही, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. व्होल्टेजवर सतत उठणारी बारीक लहर, जिला रिपल म्हणतात, ती त्याला दिसत नाही. १२ व्होल्टवर ही लहर १२० मिलिव्होल्टच्या आत असायला हवी. ती मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. गावातल्या दुकानात सोपा मार्ग म्हणजे खात्रीचा दुसरा सप्लाय लावून तेच काम पुन्हा करून पाहणे.

आता कार्यक्षमतेकडे वळू, कारण '८० प्लस ब्रॉन्झ', 'गोल्ड' हे शब्द तिच्याशी निगडित आहेत. इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ६५० वॅटचा सप्लाय लावला म्हणून मीटर ६५० च्या वेगाने फिरत नाही. कॉम्प्युटर जेवढी मागणी करतो तेवढीच वीज सप्लाय पुरवतो आणि त्यात स्वतःची उधळपट्टी मिळवून भिंतीतून ओढतो. कार्यक्षमता म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी कॉम्प्युटरपर्यंत पोहोचलेला वाटा. १०० वॅट ओढून ८० पोहोचवले तर कार्यक्षमता ८० टक्के. उरलेले २० वॅट डब्यातच उष्णता होऊन जातात.

ही उष्णता कुठून येते, हे एका सुट्या भागावर नजर टाकली की लख्ख कळते. सप्लायच्या शेवटच्या टप्प्यात विजेची दिशा एकाच बाजूला वळवणारे डायोड असतात. स्वस्त सप्लायमध्ये साधारणपणे शॉट्की जातीचे डायोड वापरतात. त्यातून वीज जाताना सुमारे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. २० अँपिअर जात असतील तर अर्धा गुणिले २०, म्हणजे १० वॅट नुसते त्या एका जागी तापण्यात गेले. महागड्या सप्लायमध्ये डायोडऐवजी मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच बसवतात. त्यांचा रोध समजा एका ओहमच्या हजाराव्या भागाच्या पाचपट आहे. त्याच २० अँपिअरला तिथे फक्त २ वॅट जातात. म्हणजे ८ वॅट वाचले, पण ते स्विच चालू-बंद करणारे नियंत्रण वेगळे घालावे लागते आणि त्याला पैसे पडतात. ट्रान्सफॉर्मर, इनपुटचा टप्पा, तारांची जाडी, प्रत्येक ठिकाणी असाच सौदा असतो. कार्यक्षमतेची किंमत अशी भागाभागाने मोजावी लागते.

२००४ साली अमेरिकेत '८० प्लस' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची मूळ अट साधी होती. सप्लायने त्याच्या पूर्ण क्षमतेच्या २० टक्के, ५० टक्के आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता दाखवावी. त्या काळी पुष्कळ सप्लाय यात नापास झाले असते. पुढे ८० टक्के ही सामान्य गोष्ट झाली आणि २००८ मध्ये ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्या आल्या. त्यानंतर प्लॅटिनम आणि टायटेनियमची भर पडली. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत ब्रॉन्झला २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के गाठावे लागतात. गोल्डला ८७, ९० आणि ८७. अर्ध्या भारावर आकडा सर्वांत वर का, तर तिथे दोन प्रकारच्या खर्चांचा मेळ बसतो. भार अगदी कमी असताना सप्लायचा स्वतःचा ठरलेला खर्चच मोठा वाटा खातो. भार फार वाढला की तारा आणि सुटे भाग जास्त तापतात.

आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे तेवढ्याच कामाला इनपुटच्या बाजूने निम्मा करंट लागतो. म्हणून तोच सप्लाय इथे साधारण एक-दोन टक्के चांगला चालतो. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ सप्लायवरचा बिल्ला मात्र ११५ व्होल्टच्या चाचणीचा असतो.

आता बिलाचा हिशेब. स्टुडिओतले मशीन दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस चालते आणि एक्स्पोर्ट, अल्बम, रिकामा वेळ सगळे धरून सरासरी १५० वॅट मागते असे समजू. बिनबिल्ल्याच्या सप्लायची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर भिंतीतून २१४ वॅट ओढले जातील. त्यातले ६४ वाया जातील. विटेएवढ्या डब्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवावा, तशी ही गत. ब्रॉन्झ सप्लायने ८५ टक्के दिले तर ओढ १७६ वॅट होईल, गोल्डने ९० टक्के दिले तर १६७. स्वस्त आणि ब्रॉन्झ यांच्यातला फरक झाला ३८ वॅट. वर्षाच्या ३,००० तासांत तो सुमारे ११४ युनिट होतो. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला साधारण १,१४० रुपये. ब्रॉन्झसाठी दोन-तीन हजार जास्त मोजले असतील तर ते दोन-अडीच वर्षांत फिटतात.

पण याच हिशेबाचा दुसरा अर्धा भाग दुकानदार सांगत नाही. ब्रॉन्झ आणि गोल्ड यांच्यातला फरक फक्त १० वॅटचा आहे. वर्षाला तीसेक युनिट, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. गोल्डसाठी आणखी दोन हजार दिले तर ते केवळ बिलातून वसूल व्हायला सहा-सात वर्षे लागतील. आणि घरातला कॉम्प्युटर दिवसाला दोनच तास, साठ वॅटच्या भाराने चालत असेल, तर स्वस्त आणि ब्रॉन्झमधला फरकही वर्षाला जेमतेम ११ युनिट, म्हणजे सव्वाशेच्या आत येतो. अशा घरात वीजबचतीसाठी सप्लाय बदलण्यात अर्थ नाही. तिथे चांगला सप्लाय घ्यायचा तो दुसऱ्या कारणासाठी.

ते कारण म्हणजे आयुष्य. वाया गेलेली वीज उष्णता होते आणि ती सर्वांत आधी कपॅसिटरच्या मुळावर उठते. सप्लायमधल्या दंडगोल कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असते आणि ते उष्णतेने हळूहळू सुकते. तापमान दहा अंशांनी कमी असेल तर आयुष्य साधारण दुप्पट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. स्वस्त सप्लायमध्ये १०५ अंशांऐवजी ८५ अंश सेल्सिअस सोसणारे कपॅसिटर बसवलेले असतात, म्हणजे जिथे उष्णता जास्त तिथेच सोसण्याची ताकद कमी. कपॅसिटर सुकू लागला की रिपल वाढते, कपॅसिटर स्वतः आणखी तापतो आणि आणखी लवकर सुकतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीचे तापमानच चाळिशीला टेकते. ८० प्लसची चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते, हे इथे ध्यानात ठेवावे.

इनपुटच्या बाजूचा मोठा कपॅसिटर हाही काटकसरीचा आवडता बळी. त्याचे काम विजेचा थोडा साठा धरून ठेवण्याचे आहे. लाइट गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा काळ हा साठा मशीन जिवंत ठेवतो. मानकांनुसार सोळा-सतरा मिलिसेकंदांची सोय हवी. कपॅसिटर लहान घातला असेल तर यूपीएस ठणठणीत असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. लोक यूपीएसची बॅटरी बदलतात आणि दोष तसाच राहतो.

काटकसर अशा भागांतही होते ज्यांच्याशिवाय सप्लाय चालू राहतो. सर्किट बोर्डवर इनपुट फिल्टरच्या कॉइलसाठी जागा छापलेली असते, पण तिथे कॉइलऐवजी साध्या तारेचा तुकडा डाखलेला असतो. व्होल्टेज उसळल्यावर स्वतः बळी जाणारा व्हॅरिस्टर बसवलेलाच नसतो. जास्त करंट किंवा जास्त व्होल्टेज झाल्यावर सप्लाय बंद करणारी संरक्षक व्यवस्था अर्धवट असते. चांगला सप्लाय जास्त भाराखाली स्वतःला बंद करतो. असा सप्लाय ओढत राहतो, आतला स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, फटाक्यासारखा आवाज येतो आणि फ्यूज जातो. नशीब बरे असेल तर नुकसान तिथेच थांबते. नसेल तर ५ किंवा १२ व्होल्टच्या वाटेने चढलेले व्होल्टेज मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क घेऊन जाते आणि त्या डिस्कवर ग्राहकाचे लग्न असते.

म्हणूनच ८० प्लसचा बिल्ला काय सांगत नाही, हेही पाहायला हवे. तो कार्यक्षमता सांगतो. रिपल, संरक्षण, कपॅसिटरचा दर्जा, भर उन्हाळ्यातली कामगिरी यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. कंपनीने दिलेल्या नमुन्यांवर चाचणी होते, बाजारातल्या प्रत्येक डब्यावर नाही. तरीही एक गोष्ट खरी. ८५ टक्के कार्यक्षमता गाठायची तर निकृष्ट ट्रान्सफॉर्मर आणि हलके डायोड चालत नाहीत. शिवाय मूळ अटीत पूर्ण भारावरची चाचणी आहे, त्यामुळे लेबलवर ४५० लिहिले असेल तर ४५० देऊन दाखवावे लागतात. खोट्या वॅटच्या डब्याला खरा बिल्ला मिळणे अवघड आहे. खोटा बिल्ला चिकटवणे मात्र अवघड नाही, म्हणून मॉडेलचे नेमके नाव ८० प्लसच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधून पाहावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सप्लाय घ्यायला उभे राहाल तेव्हा आधी लेबलचा तक्ता वाचा. १२ व्होल्टपुढचे अँपिअर बाराने गुणा. गुणाकार मोठ्या अक्षरांतल्या वॅटच्या जवळपास येत असेल तर पुढे बोला, निम्म्यावर येत असेल तर डबा परत ठेवा. मागे लाल रंगाचे ११५/२३० असे बटन दिसले तर रचना जुनी आहे असे समजा. चांगल्या नव्या सप्लायवर त्याऐवजी १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मर्यादांची बेरीज करा, इतर भागांसाठी पन्नासेक वॅट मिळवा आणि त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट क्षमता घ्या. स्टुडिओच्या मशीनला हे साडेचारशे ते साडेपाचशे येतात. हजार वॅटचा गोल्ड घेतला तर पैसे जातील आणि टायपिंगच्या साठ वॅटवर तो आपल्या क्षमतेच्या सहा टक्क्यांवर रखडेल. गोल्डच्या मूळ चाचणीत २० टक्क्यांखालचा भार मोजलाच जात नाही. तिथे त्याची कार्यक्षमता साध्या साडेचारशेच्या ब्रॉन्झपेक्षा कमी भरू शकते.

जुना सप्लाय उघडून बघायचा मोह मात्र टाळावा. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ साठून राहतात. आणि तो सप्लाय 'अजून चालतो' म्हणून घरातल्या दुसऱ्या मशीनला लावायचाच असेल, तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, हिशेब आणि ईमेलपुरत्या कॉम्प्युटरलाच लावावा, आणि त्यातल्या फायलींची दुसरी प्रत आधी काढून ठेवावी.